झोपेतून उठवणारी गुदद्वारातली कळ

"मॅडम, रात्री गाढ झोपेत असताना संडासच्या जागी आतून अशी कळ येते की घामच फुटतो, दहा-पंधरा मिनिटांत आपोआप जाते, सकाळी काहीच नसतं. दोन-तीन महिन्यांतून एकदा होतं. मूळव्याध आहे का, की कॅन्सर? बायकोलापण सांगितलेलं नाही."

चाळिशीतले गृहस्थ, आमच्या सर्जन डॉक्टरांनी तपासणीआधी माझ्याकडे बसवले, कारण लाजून धड बोलतच नव्हते. मी विचारलं दुखतं नेमकं कुठे, बाहेर तोंडाशी की वर आत? म्हणाले आत, कुणी मूठ आवळल्यासारखं. संडासला जाताना दुखतं का, रक्त पडतं का, दोन कळांच्या मधल्या काळात काही जाणवतं का? तिन्हीला नाही. मग डॉक्टरांनी बोटाने आणि प्रॉक्टोस्कोप नावाच्या छोट्या नळीने आतून तपासलं, सगळं नॉर्मल. याला प्रॉक्टॅल्जिया फ्युगॅक्स म्हणतात. बहुतेक गुदद्वाराच्या आतल्या स्नायूला अचानक पेटका येत असावा, पायाच्या पोटरीत येतो तसाच. कळ जास्तीत जास्त अर्धा तास टिकते. याचा कॅन्सर होत नाही.

गंमत म्हणजे हे दरवेळी पेनकिलर घ्यायचे आणि गोळीनेच थांबतं अशी त्यांची खात्री होती. अहो, गोळी पोटात जाऊन काम सुरू करेपर्यंतच अर्धा तास जातो, तोवर कळ आपली आपणच गेलेली असते! वर मूळव्याधीचं मलमही चालू होतं, तेही उगाचच.

मूळव्याध साधारणपणे दुखतच नाही, रक्त पडतं. आत रक्ताची गाठ धरली तरच दुखते, पण मग हाताला टणक फुगवटा लागतो आणि दुखणं काही दिवस सलग राहतं. फिशरमध्ये, म्हणजे गुदद्वाराच्या कडेला चीर पडली की, संडास होताना काच फिरल्यासारखं चिरतं, नंतर तासन् तास आग होते आणि कागदावर किंवा भांड्यात लालभडक रक्ताची रेघ दिसते. बसलं की वाढणारं, अर्ध्या तासाहून जास्त रेंगाळणारं बोथट दुखणं ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं असू शकतं, त्याला फिजिओथेरपी लागते. आणि ठणका वाढतच चाललाय, सूज आहे, ताप आहे तर गळू समजा, त्याच दिवशी सर्जनकडे जा, सकाळची वाट बघू नका.

कळ आली की टबात कोमट पाण्यात बसायचं, एवढंच त्यांना सांगितलं. ज्यांना कळ वारंवार येते आणि जास्त वेळ टिकते त्यांना डॉक्टर कधीकधी दम्याचा सालब्युटामॉलचा पंप देतात, त्याने कळ लवकर ओसरते, किंवा स्नायू सैल करणारं नायट्रोग्लिसरीनचं मलम, पण त्याने डोकं दुखतं आणि व्हायग्रासारखी गोळी घेणाऱ्याने ते अजिबात लावायचं नाही, बीपी धाडकन पडतं. म्हणून ही दोन्ही स्वतःच्या मनाने मेडिकलमधून आणू नका.

रक्त, घटलेलं वजन, बदललेली शौचाची सवय किंवा दिवसाही राहणारं दुखणं असेल तर मात्र हे नाव लावून गप्प बसायचं नाही, कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, लागते का ते डॉक्टरांना विचारा. या गृहस्थांना त्यातलं काही नव्हतं, त्यामुळे पुढची कुठलीच टेस्ट सांगितली नाही.