रिव्ह्यूअर विचारतो, आउटलायर का ठेवले?

‘निष्कर्ष बदलत नाहीत’ एवढंच लिहून पाठवू नकोस, दोन्ही मॉडेलांचे आकडे शेजारीशेजारी मांड. उदाहरणादाखल समाजशास्त्रज्ञ डंकनचा अमेरिकेतल्या 45 व्यवसायांचा डेटा घे. प्रतिष्ठेच्या रिग्रेशनमध्ये उत्पन्नाचा सहगुणक 0.60 आणि शिक्षणाचा 0.55 येतो. धर्मोपदेशक आणि रेल्वे कंडक्टर वगळले की तेच 0.87 आणि 0.33 होतात. दोन्ही परिणाम धनच राहतात, पण ‘दोघांचं वजन जवळपास सारखं’ हे विधान कोसळतं. उत्तरात ते स्पष्ट सांग.

ठेवण्याचं कारणही ठोस हवं. धर्मोपदेशकाची कमाई कमी आणि मान मोठा, ही नोंदणीतली चूक नव्हे, वास्तव आहे. तुझ्या नोंदी मूळ फॉर्मशी ताडल्या असतील तर तसं लिही. केवळ कुकचं अंतर मोठं म्हणून बिंदू काढणं मला पटत नाही. ते फक्त कुठे बघायचं हे दाखवतं.