भाव चढला, मग पूलमधले इथर घटले कसे?

प्रश्न: युनिस्वॅप या क्रिप्टो एक्स्चेंजच्या पूलमध्ये इथर आणि डॉलरशी बांधलेले यूएसडीसी टाकलेत. इथरचा भाव वाढला, पण माझ्या वाट्याचे इथर कमी दिसतायत. चोरी झाली का?

चोरी नाही. पूलने तुमचे इथर विकले, आणि तेही बाजारभावापेक्षा स्वस्तात.

साधा, युनिस्वॅपच्या दुसऱ्या आवृत्तीचा, म्हणजे व्ही2 पद्धतीचा पूल धरू. त्यात एकूण 10 इथर आणि 20,000 यूएसडीसी आहेत, म्हणजे इथरचा भाव 2,000. तुमचा हिस्सा दहा टक्के: 1 इथर आणि 2,000 यूएसडीसी. पूलचा नियम एकच, दोन्ही आकड्यांचा गुणाकार कायम राहायला हवा. बाहेर भाव काय चाललाय हे पूलला कळतच नाही.

आता बाहेर इथर एका दमात 8,000 वर गेला. झवेरी बाजारात एखाद्या पेढीच्या फळ्यावर कालचाच भाव राहिला, तर शेजारचा व्यापारी काय करेल? इथेही तेच होतं. दोन बाजारांतल्या भावफरकावर कमावणारा आर्बिट्राजवाला 20,000 यूएसडीसी टाकून 5 इथर उचलतो. पूलमध्ये उरतात 5 इथर आणि 40,000 यूएसडीसी. गुणाकार तोच, भाव 8,000. त्याला इथर सरासरी 4,000 ला पडला, बाहेर विकून त्याने 20,000 कमावले.

तुमच्या वाट्याला आता अर्धा इथर आणि 4,000 यूएसडीसी, एकूण 8,000. वॉलेटमध्येच ठेवले असते तर 10,000 झाले असते. मधले 2,000 म्हणजे इम्पर्मनंट लॉस. त्या माणसाच्या कमाईचा तो बरोब्बर दहावा हिस्सा आहे. भाव 8,000 ऐवजी 500 वर आला असता, तरी तूट अशीच 20 टक्के. दुपटीला किंवा निम्म्याला ती साधारण 5.7 टक्के असते.

भाव पुन्हा 2,000 वर आला तर ही तूट पुसली जाते, म्हणून ते नाव. मला ते फसवं वाटतं, कारण भाव परतेलच असं कोणी लिहून दिलेलं नाही, आणि आज पैसे काढले तर तूट पक्की.

राहिली फी. व्ही2 मध्ये प्रत्येक सौद्यावर 0.3 टक्के कापतात; 2025 च्या अखेरीपर्यंत ते सगळे पूलमध्ये टोकन टाकणाऱ्यांत वाटत, आता त्यातले 0.25 टक्के वाटतात. तुमचे 2,000 भरून निघायला या पूलमध्ये सुमारे 80 लाख यूएसडीसीची उलाढाल हवी. एवढ्याशा पूलला ती बरीच झाली.

त्यामुळे स्क्रीनवरचा एपीआर, म्हणजे वार्षिक परताव्याचा दर, बघून खूश होऊ नका. टाकलेले टोकन आजच्या भावाने मोजा आणि आत्ता काढल्यास जे मिळेल त्याच्याशी ताडा. व्ही2 मध्ये फी त्यातच आलेली असते. व्ही3 या पुढच्या आवृत्तीत ती वेगळी दिसते, तीही मिळवा. तिथे तुम्ही भावाचा पट्टा निवडता; तो जितका अरुंद, तितकी तूट झपाट्याने वाढते. भाव पट्ट्याच्या वर गेला की हातात नुसते यूएसडीसी उरतात आणि फीही थांबते.