जोडी आहे, तर एकाकी कशी?

प्रश्न : भाची इंदूरला हिंदी माध्यमात अकरावीला आहे. तिच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात ‘एकाकी युग्म’ असा शब्द आहे. युग्म म्हणजे जोडी, मग ती एकाकी कशी? मराठीत याला नीट शब्द आहे का? आणि अमोनियाचा आकार तिने चतुष्फलकी लिहिला तर तो चूक का?

उत्तर : आपल्या इंदूरच्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : “मुलं पुण्याला, आई-बाबा इथे एकटेच असतात.” माणसं दोन, तरी ‘एकटेच’, आणि कुणालाही ते खटकत नाही. कारण एकटेपणा त्या दोघांमधला नसतो, इतरांच्या हिशेबाने असतो. ‘एकाकी युग्म’ही तसंच. दोन इलेक्ट्रॉन सोबत आहेत, पण त्या जोडीत दुसऱ्या अणूचा वाटा नाही. त्यामुळे शब्द चुकीचा नाही, फक्त उगाच उदास आहे. मला विचाराल तर घरात समजावताना बंधातल्या जोडीला ‘सामाईक’ आणि हिला ‘बिनसामाईक’ म्हणावं. दोन घरांमधली भिंत सामाईक असते, तसं. परीक्षेत मात्र पुस्तकातलाच शब्द लिहू द्या.

‘बिनसामाईक’ म्हटलं की पुढचं रसायनशास्त्र सोपं होतं, म्हणून माझा हा हट्ट. सामाईक जोडीला दोन अणुकेंद्रं दोन्हीकडून ओढतात, त्यामुळे ती मधल्या जागेत ताणलेली, सडपातळ राहते. बिनसामाईक जोडीला एकच केंद्र धरून असतं, म्हणून ती त्याच्याजवळच ऐसपैस पसरते. शेजारच्या जोड्यांना ती जास्त रेटते ते यामुळे.

आता अमोनिया, NH₃. नायट्रोजनचे बाहेरचे 5 इलेक्ट्रॉन आणि तीन हायड्रोजनचे 3 मिळून 8, म्हणजे चार जोड्या. चारही एकमेकींपासून जास्तीत जास्त लांब जातात. राजवाड्यावरून चार फुगे आणून तोंडाशी एकत्र बांधा, ते आपोआप ज्या मांडणीत बसतात ती चतुष्फलकी. भाचीच्या मनात ही मांडणी होती, आणि ती बरोबरच आहे. पण ती जोड्यांची झाली. रेणूचा आकार सांगताना फक्त अणू कुठे आहेत ते बघायचं. चौथ्या कोपऱ्यात अणू नाही, म्हणून उरतो तो त्रिकोणी पायाचा पिरॅमिड. चौथी जोडी नावात येत नाही, पण रेटा देतेच : चतुष्फलकातला 109.5° चा कोन इथे साधारण 107° होतो. पाण्यात अशा दोन जोड्या असतात, तिथे तो 104.5° वर येतो.

ध्रुवीयतेत, म्हणजे रेणूची एक बाजू किंचित ऋण आणि दुसरी किंचित धन असण्यात, तर या जोडीचं वजन आणखी कळतं. NH₃ शेजारी NF₃ ठेवा. आकार तोच, पिरॅमिड. विद्युतऋणता, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची ताकद, नायट्रोजनची 3.04, हायड्रोजनची 2.20, फ्लोरिनची 3.98, म्हणजे बंधातली ओढ दोन्हीकडे जवळपास सारखी, फ्लोरिनमध्ये किंचित जास्तच. मग NF₃ जास्त ध्रुवीय असायला हवा ना? ध्रुवीयतेचं माप म्हणजे द्विध्रुव आघूर्ण; मोजल्यावर NH₃ चं ते येतं 1.47 डिबाय आणि NF₃ चं जेमतेम 0.23.

गोम दिशेत आहे. अमोनियात बंधांमधले इलेक्ट्रॉन नायट्रोजनकडे, म्हणजे पिरॅमिडच्या टोकाकडे सरकतात. बिनसामाईक जोडीही त्या टोकावरच बसलेली, त्यामुळे दोन्ही परिणामांची बेरीज होते. NF₃ मध्ये फ्लोरिन इलेक्ट्रॉन खाली पायाकडे ओढतात आणि जोडी वर टोकाला राहते, म्हणून वजाबाकी होते. भाचीला चित्र काढताना ती जोडी टोकावर दोन ठिपक्यांनी दाखवायला सांगा. फक्त बंधांचे बाण काढले, तर हा फरक कधीच दिसणार नाही.

उलट चूकही मुलं करतात : अशी जोडी दिसली की रेणू ध्रुवीय ठरवून मोकळी होतात. XeF₄ मध्ये झेनॉनवर अशा दोन जोड्या आहेत, पण त्या समोरासमोर, एक वर आणि एक खाली. चार फ्लोरिन मधल्या प्रतलात चौरसाच्या कोपऱ्यांवर. सगळं एकमेकांना रद्द करतं, आघूर्ण शून्य.

आणि एक, जोड्यांच्या रेट्याच्या या नियमाकडून अंश-अंशाचा हिशेब मागू नका. पाण्याच्याच धर्तीवर असलेल्या H₂S मध्ये कोन 92° च्या आसपास आहे. तो 109.5° पेक्षा कमी असेल एवढंच जोड्यांच्या रेट्यावरून कळतं, इतका कमी का ते नाही.