साठ पॉकेट, पण पेशंट पंधराच

प्रश्न: मी पेरिओडॉन्टिक्समध्ये एमडीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. सिनॉप्सिस लवकरच द्यायचा आहे. विषय असा: स्केलिंग आणि रूट प्लेनिंगनंतर तोंडाच्या एका बाजूच्या पॉकेटमध्ये कर्क्युमिन जेल, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, आणि तीन महिन्यांनी पॉकेटची खोली. १५ पेशंट, प्रत्येक बाजूला ४ पॉकेट, म्हणजे ६० विरुद्ध ६०. सीनियर म्हणतात, ३०च्या वर सॅम्पल असलं की पुरे. अनपेअर्ड टी-टेस्ट लावू का? की सगळं स्टॅटिस्टिशियनकडे सोपवू?

उत्तर:

डॉक्टर, तुमच्याकडे ६० नमुने नाहीत, १५ आहेत. एकाच तोंडातली चार पॉकेट म्हणजे चार स्वतंत्र पुरावे नव्हेत. त्या माणसाची ब्रश करण्याची सवय, त्याची साखर, त्याची प्रतिकारशक्ती चारही पॉकेटमागे एकच आहे, त्यामुळे ती साधारण एकत्रच सुधारतात किंवा एकत्रच बिघडतात. तुम्ही ६० धरले, तर कॉम्प्युटरला तुमची माहिती आहे त्यापेक्षा कितीतरी भक्कम वाटते आणि पी व्हॅल्यू फसवी लहान येते. ही चूक छापून आलेल्या निबंधांतही सापडते. ती पकडायची खूण अगदी सोपी आहे. एसपीएसएसच्या निकालात df नावाचा रकाना असतो. तुमच्या पद्धतीने तिथे ११८ येईल. योग्य पद्धतीने १४ यायला हवा, पेशंटच्या संख्येपेक्षा एक कमी. जाणकार परीक्षकाची नजर आधी तिथेच जाते.

योग्य पद्धत अशी. प्रत्येक पेशंटच्या जेलच्या बाजूच्या चारही पॉकेटमध्ये तीन महिन्यांत किती मिलिमीटर सुधारणा झाली, त्याची सरासरी काढा. तशीच दुसऱ्या बाजूची काढा. मग पहिल्यातून दुसरी वजा करा. एका पेशंटमागे एकच आकडा उरतो, आणि विश्लेषण फक्त या आकड्यांचं होतं. म्हणून टेस्ट पेअर्ड टी, अनपेअर्ड नव्हे. चार पॉकेट मोजण्याची मेहनत यात वाया जात नाही. सरासरीमुळे प्रोबिंगमधली चढउतार कमी होते आणि एसडी आटोक्यात येते.

आता किती पेशंट हवेत ते पाहू. ३०च्या त्या नियमाला तुमच्या अभ्यासात काही आधार नाही. संख्या दोन गोष्टींवर ठरते: किती फरक पडला तर तुम्ही उपचार बदलाल, आणि पेशंटगणिक तो फरक किती बदलतो. पाच टक्के पातळी आणि ८० टक्के पॉवर धरली, तर पेअर्ड अभ्यासासाठी हे सूत्र कामचलाऊ म्हणून उत्तम आहे:

```
n = 8 × (SD / d)² + 2
```

इथे d म्हणजे तुम्हाला महत्त्वाचा वाटणारा फरक आणि SD म्हणजे त्या वजाबाकीच्या आकड्यांची एसडी. उदाहरणादाखल फरक ०.५ मिमी आणि एसडी ०.९ मिमी धरा. ०.९ भागिले ०.५ म्हणजे १.८, त्याचा वर्ग ३.२४, गुणिले ८ म्हणजे जवळजवळ २६, अधिक २. म्हणजे २८ पेशंट. तीन महिन्यांनी दहा टक्के लोक परत येणार नाहीत असं धरलं, तर ३२ घ्यावे लागतील. G*Power या मोफत प्रोग्रॅममध्येही हाच हिशेब करून पाहा, २८च येतील.

याच सूत्रात फरक १ मिमी घातला, तर अवघे ९ पेशंट पुरतात. मोह इथेच होतो. सिनॉप्सिसच्या गडबडीत बरेच जण आधी संख्या ठरवतात आणि मग ती संख्या निघेल असा फरक मागाहून शोधतात. तुम्ही ते करू नका. साध्या स्केलिंगवर जेल घालून वर आणखी पूर्ण १ मिमी मिळेल, असं तुम्हाला आणि तुमच्या गाईडना खरोखर वाटतं का, हे आधी एकमेकांशी बोलून घ्या. शिवाय प्रोबवरच्या खुणा १ मिमीच्या असतात. म्हणून मोजणारी व्यक्ती एकच हवी, तिला जेलची बाजू ठाऊक नसावी, आणि सुरुवातीला काही पेशंट दोनदा मोजून तिचे आकडे जुळतात का ते पाहावं.

एसडी शोधताना एक अडचण येईल. निबंधांमध्ये बहुधा दोन्ही बाजूंची वेगवेगळी एसडी दिलेली असते, वजाबाकीची नसते. दोन्ही बाजूंची एसडी १ मिमी असेल आणि एकाच तोंडातल्या दोन बाजूंचा परस्परसंबंध ०.६ असेल, तर वजाबाकीची एसडी ०.९ येते. संबंध कमी धरला की ती वाढते. खात्री नसेल तर विभागातल्या आठ-दहा पेशंटवर पायलट करा, पण त्यातून एसडीच घ्या. इतक्या थोड्या पेशंटवर दिसलेला फरक भरवशाचा नसतो.

एकाच तोंडात दोन्ही उपचार केल्याचा फायदाही लक्षात घ्या. हाच अभ्यास दोन वेगळ्या गटांत केला असता, तर १ मिमी एसडी आणि ०.५ मिमी फरकासाठी प्रत्येक गटात ६४, म्हणजे एकूण १२८ पेशंट लागले असते. मात्र हा फायदा जेल आपल्या बाजूलाच राहिलं तरच टिकतो. ते लाळेतून पलीकडे गेलं तर दोन्ही बाजू सुधारतील आणि फरक पुसला जाईल. जेल घातल्यावर पेरिओडॉन्टल पॅक लावणार का, हे सिनॉप्सिसमध्ये स्पष्ट लिहा. जेल कोणत्या बाजूला, हेही दर पेशंटला चिठ्ठीने ठरवा. नेहमी उजवीकडे घालू नका.

विश्लेषणातला आणखी एक सापळा: 'जेलच्या बाजूला पी ०.०५ पेक्षा कमी, दुसऱ्या बाजूला जास्त, म्हणून जेल चांगलं.' हा निष्कर्ष चूक आहे. स्केलिंगमुळे दोन्ही बाजू सुधारणारच. तुलना दोन सुधारणांमधल्या फरकाची करायची, दोन पी व्हॅल्यूंची नव्हे. वजाबाकीच्या आकड्यांचा हिस्टोग्राम फारच एका बाजूला झुकला असेल, तर विलकॉक्सन साइन्ड रँक वापरा. जिंजायव्हल इंडेक्ससारख्या ० ते ३ गुणांसाठीही तीच. रक्तस्राव आहे-नाही एवढंच प्रत्येक बाजूला एका जागी नोंदवलं असेल, तर मॅकनेमार. तुमच्या अभ्यासाला एवढं पुरतं.

निकाल मांडायचा कसा? समजा २८ पेशंटमध्ये जेलची बाजू सरासरी ०.६ मिमीने जास्त सुधारली आणि एसडी ०.९ आली. मग पी साधारण ०.००२ येईल आणि ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.२५ ते ०.९५ मिमी. फरक आहे हे दिसलं, पण तो तुम्ही आधी ठरवलेल्या ०.५ पेक्षा कमीही असू शकतो, हे त्याच आकड्यांत लिहिलेलं आहे. व्हायवात ही गोष्ट तुम्ही स्वतः मांडलीत, तर पुढची चर्चा तुमच्या विषयावर होईल.

स्टॅटिस्टिशियनकडे जरूर जा, पण आत्ता, डेटा गोळा झाल्यावर नव्हे. जाताना चार गोष्टी कागदावर न्या: मुख्य मोजमाप कोणतं, एका पेशंटमागे किती पॉकेट, किती फरक महत्त्वाचा, आणि एसडी कुठून घेतली. विश्लेषण त्यांनी केलं तरी हे निर्णय तुमचे आहेत, कारण उत्तरं तुम्हालाच द्यायची आहेत.

मग एथिक्स कमिटीची मंजुरी आणि त्यानंतर सीटीआरआयची नोंदणी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे आधीच सुरू झालेल्या चाचण्या नोंदवता येत नाहीत, पदव्युत्तर प्रबंधाच्या असल्या तरी. नोंदणी क्रमांक हातात आल्याशिवाय पहिल्या पेशंटची सही घेऊ नका. पुढे निबंध छापायला पाठवाल तेव्हा बरीच नियतकालिकं तो क्रमांक मागतात.