हा आकडा कुठल्या कागदावर जन्मतो?

तुझा मेसेज वाचून जरा हसलेच गं. प्रकल्पाला निधी देणाऱ्या डोनरच्या चाळीस पानी गाइडलाइनचा बारा पानी सारांश केलास, आणि आता विचारतेस टीम वाचत का नाही. कोण वाचेल! त्यांना सारांश नकोय, त्यांना रकाने हवेत आणि तारखा हव्यात, म्हणजे एक टेम्प्लेट आणि एक कॅलेंडर.

रिपोर्टचा फॉर्म उघड आणि प्रत्येक रकान्यापुढे एकच प्रश्न लिही, हा आकडा कुठल्या कागदावर जन्मतो? बाकी सगळं नंतर.

मी हे केलं नव्हतं. आमच्या डोनरला सहभागींची स्त्री-पुरुष आणि वयोगटानुसार विभागणी हवी होती, पान एकोणीसवर स्पष्ट लिहिलेलं, माझ्या सुंदर टेम्प्लेटमध्येही तो रकाना होता, पण फील्डच्या हजेरीपत्रकावर फक्त नाव आणि सही. चार ट्रेनिंग, प्रत्येकी 25 जण, आम्ही 100 लिहून मोकळे. नंतर नावं जुळवली तर माणसं निघाली 38, बाकी सगळे तेच तेच परत आलेले. वयं तर फोन करकरून विचारली आणि निम्मे फोन लागलेच नाहीत. म्हणून म्हणते, टेम्प्लेट रिपोर्टपासून नाही, हजेरीपत्रकापासून सुरू होतं. त्यावर वयाचा रकाना आणि प्रत्येकाला एक कायमचा नंबर टाक, म्हणजे माणसं वेगळी मोजता येतील आणि हजेऱ्या वेगळ्या. ज्याचा कागद सापडत नाही तो रकाना लाल कर आणि पहिला कार्यक्रम व्हायच्या आत सोडव. नंतर नाही!

कॅलेंडरचंही तेच. तू फक्त डोनरची तारीख टाकलीयेस. तिमाही 31 मार्चला संपते, रिपोर्ट 30 दिवसांत, म्हणजे 30 एप्रिल, ठीक. पण तिथून उलट ये. सही 27 ला, मसुदा 21 ला, हिशोब 15 ला, फील्डचे कागद 7 ला. प्रत्येक तारखेपुढे एका माणसाचं नाव, "टीम" असं लिहिलंस तर कोणीच करणार नाही.

आणि ज्या गोष्टी रिपोर्टच्या फॉर्ममध्ये दिसतच नाहीत त्या हमखास सुटतात. तुझ्या गाइडलाइनमध्ये आहे बघ, बजेटच्या एका हेडमध्ये 10 टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडणार असेल तर आधी लेखी परवानगी. हे रिपोर्ट लिहिताना कळून काय उपयोग, पैसे तर गेले. म्हणून 15 फेब्रुवारीला हेडनिहाय खर्च बघायची तारीख टाक. मुदतवाढीचा अर्ज प्रकल्प संपायच्या 60 दिवस आधी, तोही त्यातच.

ऑफिसात मला "कागदवाली बाई" म्हणायचे, म्हणू देत. त्या 38 नंतर माझा एकही आकडा डोनरकडून परत आला नाही, त्यामुळे या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

हो, टेम्प्लेटच्या वर गाइडलाइनची आवृत्ती आणि तारीख लिही. करारात दुरुस्ती झाली की टेम्प्लेट जुनं होतं, आणि वाद झालाच तर सही केलेला करार खरा, तुझं टेम्प्लेट नाही. लाल रकाने किती निघाले ते मोजून कळव, माझा अंदाज आहे सहा तरी असतील.