प्रत्येक 'र' साठी r चालेल का?

प्रश्न: नागपुरातल्या लोकांच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग आयपीए या आंतरराष्ट्रीय उच्चारलिपीत लिहितोय. सगळीकडे r लिहिलं तर चालेल का?

तिरक्या रेषांमध्ये, म्हणजे /r/ असं, लिहीत असाल तर चालेल. चौकटी कंसात नको. तिथे r म्हणजे जिभेचं टोक दातांमागच्या उंचवट्यावर सलग थरथरतं. आपण सहज 'वारा' म्हणतो तेव्हा जीभ एकदाच टेकून सुटते, म्हणून [ʋaɾa]. बर्डीवर कुणी चिडून 'अर्रे!' म्हणालं तर मात्र [r] सापडू शकतो. मराठीत यानं अर्थ बदलत नाही. स्पॅनिशमध्ये बदलतो: [peɾo] म्हणजे 'पण', [pero] म्हणजे 'कुत्रा'.

नुसत्या कानावर विसंबू नका, Praat या ध्वनी तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम बघा. दोन स्वरांमध्ये साधारण 20-30 मिलिसेकंदांची एकच फिकट पट्टी दिसली तर ɾ, दोन किंवा जास्त दिसल्या तर r.

खरी गफलत पट्टीच दिसत नाही तेव्हा होते. लगेच ɹ लिहू नका. इंग्रजी 'रेड'मधल्या ɹ ला तिसरा फॉर्मंट, म्हणजे स्पेक्ट्रोग्रामवरचा खालून तिसरा गडद पट्टा, बराच खाली येतो. तो खाली आला नसेल, तर घाईत जीभ पुरती टेकलेली नाही, एवढंच. तिथे मी [ɾ̞] लिहितो.