चेक बंद करून ट्रान्सफर: पार्ट्यांना पत्र लिहिताना

"इंदूरला सियागंजात आमचं घाऊक दुकान आहे. साठेक पार्ट्या अजून चेकच देतात. आता पैसे थेट खात्यात पाठवा असं सांगायचं आहे. पत्रात नेमकं काय लिहावं आणि तारीख कोणती ठेवावी?"

बँकेचे तपशील हा पत्रातला सोपा भाग. पासबुकात आहे अगदी तसंच खात्याचं नाव, खाते क्रमांक, खात्याचा प्रकार, शाखा आणि आयएफएससी लिहा. आयएफएससीचं पाचवं अक्षर शून्य असतं, तिथे लोक इंग्रजी ओ टाकतात. म्हणून पत्र छापायच्या आधी छापील नमुना समोर ठेवून दुसऱ्या खात्यातून एक रुपया पाठवून बघा. पैसे खाते क्रमांकावर जमा होतात. एक आकडा चुकला तर नाव जुळत नाही म्हणून ते परत येतील, असं धरून चालू नका. आता नेफ्ट-आरटीजीएस करताना खातेदाराचं नाव आधी पडद्यावर पाहता येतं. ते पाहूनच पुढे जा, हेही पत्रात लिहा.

खरी अडचण संदर्भाची असते. मी सांवेर रोडवरच्या एका खोक्यांच्या कारखान्यात बरीच वर्षं हिशेब सांभाळते. आमच्या पहिल्या पत्रात खातं होतं, संदर्भ नव्हता. चेक घेऊन येणारा माणूस "हे त्या दोन बिलांचे" असं सांगून जायचा. ट्रान्सफरमध्ये तो माणूसच नाही, स्टेटमेंटची एक ओळ तेवढी हाती येते. एका देवासच्या पार्टीने मालकाच्या बचत खात्यातून पैसे पाठवले. नाव ओळखीचं नव्हतं, म्हणून रक्कम आमच्या उचंत खात्यात पडून राहिली आणि आम्ही त्याच पार्टीला वसुलीचे फोन करत राहिलो. त्यांचं रागावणं रास्तच होतं.

त्यानंतर प्रत्येक पार्टीला तीन अक्षरांचा कोड दिला आणि शेऱ्यात काय टाइप करायचं ते ठरवलं. बिल क्रमांकात तिरपी रेघ आणि आडवी रेघ जीएसटीला चालते, पण अनेक बँकांच्या शेऱ्याच्या रकान्यात अशी चिन्हं घेतली जात नाहीत किंवा वाटेत गळतात. लांब मजकूर स्टेटमेंटात शेवटी तुटतो. म्हणून फक्त अक्षरं आणि आकडे, आणि कोड सगळ्यात आधी. बिल `SW/25-26/0417` असेल आणि पार्टी `D14`, तर शेरा असा:

```
D14B0417
```

एकाच वेळी तीन बिलं भरली तर `D14M3`, आणि कोणत्या बिलाचे किती, टीडीएस किती कापला, हे यूटीआर क्रमांकासह त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर. प्रत्येक पार्टीच्या पत्रात तिचाच कोड घालून तयार उदाहरण द्या. "योग्य संदर्भ द्यावा" असं मोघम लिहिलंत तर लोक "पेमेंट" एवढंच टाइप करतात.

तारीख पैसे देण्याच्या दिवसाला लावू नका, बिलाच्या तारखेला लावा. समजा तुमची उधारी 45 दिवसांची आहे आणि 1 ऑगस्टपासूनच्या बिलांना नवी पद्धत लावली. 31 जुलैच्या शेवटच्या बिलाची मुदत 14 सप्टेंबरला भरते, तोवर जुन्या बिलांचे चेक येतच राहणार आणि ते घ्यायचे. पत्र जुलैच्या सुरुवातीलाच द्या. मार्च आणि दिवाळीचा महिना टाळा, तेव्हा समोरच्या मुनीमजींना नवं काही करायला उसंत नसते.

आमचं पत्र हिंदीत होतं. मजकूर साधारण असा:

"दि. 1 ऑगस्टपासूनच्या बिलांची रक्कम कृपया खालील खात्यात नेफ्ट, आरटीजीएस किंवा आयएमपीएसने पाठवावी. त्याआधीच्या बिलांचे चेक पूर्वीप्रमाणे स्वीकारले जातील. आपला कोड D14. शेऱ्यात D14, मग B आणि बिल क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहावेत, उदा. D14B0417. हे खाते बदलल्याची सूचना आम्ही ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवर कधीही देणार नाही. तसा निरोप आल्यास पैसे न पाठवता आमच्या बिलावरील जुन्या क्रमांकावर फोन करावा."

शेवटची ओळ गाळू नका. खातं बदलल्याचं खोटं पत्र पाठवून पैसे लाटणारे असतात, म्हणून सावध पार्टी तुमच्या पत्रावरही शंका घेईल. पत्र माल पोचवणाऱ्या माणसाबरोबर हातोहात द्या, सोबत रद्द केलेला चेक जोडा आणि तेच खातं बिलावर छापा. आरटीजीएसला किमान 2 लाख लागतात, त्याखाली नेफ्ट. तेही आता चोवीस तास चालतं, त्यामुळे "आज बँक बंद होती" हे कारण उरत नाही.

एक अपवाद मात्र करा. ज्यांची उधारी तुम्ही पुढच्या तारखेच्या चेकच्या भरवशावर देता, त्यांना या यादीत घालू नका. चेक वटला नाही तर कलम 138 खाली दावा करता येतो. "सोमवारी ट्रान्सफर करतो" या शब्दाला तो आधार नाही. आमच्याकडे अशा चार पार्ट्या आजही चेकवरच आहेत.